उपसंहार म्हणजे उजळणी नव्हे

प्रबंधाचे शेवटचे प्रकरण कसे लिहावे, याबद्दल आपल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठ विभागांत एक समज पक्का रुजला आहे. आधीच्या प्रकरणांत जे सांगितले त्याचे सार क्रमाने मांडायचे, त्याला ‘उपसंहार’ किंवा ‘निष्कर्ष व शिफारशी’ असे नाव द्यायचे आणि संदर्भसूचीकडे वळायचे. ‘पहिल्या प्रकरणात विषयाचे महत्त्व, उद्दिष्टे व गृहीतके यांचा विचार केला आहे. दुसऱ्या प्रकरणात अभ्यासक्षेत्राची पार्श्वभूमी दिली आहे,’ अशी ही गाडी सातव्या प्रकरणापर्यंत चालते. या पद्धतीचे समर्थन करणारे मार्गदर्शक आळशी असतात असे मुळीच नाही. त्यांच्याजवळ कारणे आहेत. परीक्षक बहुधा शेवट आधी वाचतो, तेव्हा त्याला सगळा प्रबंध तिथे दिसला पाहिजे. शेवटच्या प्रकरणात नवे काही आणू नये, हा शिरस्ता आहे. आपणच आपल्या कामाची थोरवी सांगणे बरे दिसत नाही आणि आपणच आपल्या उणिवा सांगणे शहाणपणाचे नाही. या चारही कारणांत थोडेथोडे तथ्य आहे, आणि तरीही त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. शेवटच्या प्रकरणाने तीन गोष्टी सांगायच्या असतात: या कामाने ज्ञानात कोणती भर घातली, ती भर कुठपर्यंत खरी धरायची आणि तिथून पुढे नेमके काय करायचे. सारांशाला तिथे फार तर अर्धे पान.

आधी सारांशाचाच हिशेब करू. प्रस्तावनेत ‘प्रकरणरचना’ नावाच्या भागात प्रत्येक प्रकरणात काय आहे ते येऊन गेलेले असते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘समारोप’ असतो. प्रबंध सादर करण्यापूर्वी विद्यापीठाला सिनॉप्सिस द्यावा लागतो, तो सारांशच असतो. प्रबंधासोबत गोषवारा जोडलेला असतो. म्हणजे परीक्षक शेवटच्या प्रकरणाशी पोहोचतो तेव्हा तोच मजकूर त्याच्यापुढे चार वेळा येऊन गेलेला असतो, आणि घाईत असलेल्या परीक्षकासाठी गोषवारा व सिनॉप्सिस मुद्दाम केलेलेच आहेत. पाचव्यांदा तेच सांगून त्याचा वेळ वाचत नाही. परीक्षकाशिवाय दुसराही एक वाचक आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात आज देशभरचे प्रबंध प्रकरणवार फायलींत ठेवलेले असतात. त्या यादीत शेवटी बहुधा 80_recommendation.pdf नावाची फाईल असते. तिच्यात मुखपृष्ठ आणि शेवटचे प्रकरण एकत्र जोडलेले असते. पाच-सात वर्षांनी त्याच विषयावर काम करू पाहणारी विद्यार्थिनी ही एक फाईल आधी उघडते आणि तिला एवढेच हवे असते: या माणसाला काय सापडले, त्यावर किती भरवसा ठेवू आणि मी कुठून सुरुवात करू? ‘तिसऱ्या प्रकरणात संशोधन पद्धतीची चर्चा केली आहे’ हे वाक्य तिच्या कुठल्याच कामाचे नाही.

हे सगळे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण रचतो. प्रबंध कल्पित आहे, त्यातले आकडेही समजुतीपुरते आहेत. पण विषय आणि तालुका खरा आहे. कोल्हापूरपासून शंभराहून जास्त किलोमीटरवर, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेला चंदगड तालुका काजूसाठी ओळखला जातो. जांभ्या दगडाची जमीन, भरपूर पाऊस, घाटाखाली कोकण, आणि गावोगाव काजूबी फोडून गर काढणारे लहान कारखाने. समजा, ‘चंदगड तालुक्यातील काजू प्रक्रिया उद्योगातील स्त्री कामगार’ असा प्रबंध आहे. वीस कारखाने, एकशेसाठ स्त्रियांच्या मुलाखती, काम एप्रिल-मे महिन्यांत केलेले. बी उन्हात वाळवायची, वाफवायची, कापून टरफल वेगळे करायचे, गर ड्रायरमध्ये वाळवायचा, त्यावरची तांबूस साल सोलायची आणि शेवटी प्रतवारी करायची, हा त्या धंद्याचा क्रम. कापणे, सोलणे आणि प्रतवारी ही कामे मुख्यतः बायकांची, आणि समजा की सोलणाऱ्या बाईला मजुरी किलोवर मिळते. अख्ख्या गराला पुरा दर, पाकळी आणि तुकड्याला कमी.

या प्रबंधाचा रूढ उपसंहार कसा असेल, ते कोणीही डोळे मिटून सांगेल. प्रकरणांचा गोषवारा झाला की निष्कर्षांची यादी येते: बासष्ट टक्के स्त्रिया तीस ते पंचेचाळीस वयोगटातल्या आहेत, बहुसंख्य स्त्रियांचे शिक्षण दहावीपर्यंत झाले आहे, अख्ख्या गराचे प्रमाण कमी आल्यास मजुरी कमी मिळते, पहिले गृहीतक सिद्ध झाले आहे. मग शिफारशी: शासनाने अनुदान द्यावे, कारखानदारांनी हातमोजे पुरवावेत, स्त्रियांनी बचत गट स्थापन करावेत. यातले एकही वाक्य खोटे नाही. पण पाचव्या प्रकरणातल्या कोष्टकाची ओळ उचलून शेवटच्या प्रकरणात ठेवली म्हणून ती निष्कर्ष होत नाही. कोष्टकात ती जास्त स्पष्ट दिसत होती. आणि एक साधी कसोटी लावून पाहा. वाक्य क्षेत्रकार्याला निघण्याआधी कोल्हापुरातल्या ग्रंथालयात बसून लिहिता आले असते का? ‘स्त्रियांची आर्थिक स्थिती सुधारण्याची गरज आहे’ हे आले असते. ‘हातमोजे पुरवावेत’ हेही आले असते, कारण काजूच्या टरफलातले तेल हात भाजून काढते हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या वाक्याला एकशेसाठ मुलाखतींची गरजच नव्हती, त्याला योगदान म्हणता येत नाही.

आता त्याच सामग्रीकडे दुसऱ्या नजरेने पाहू. समजा, चौथ्या प्रकरणात प्रक्रियेचे वर्णन आहे आणि पाचव्यात मजुरीची कोष्टके. दोन्ही प्रकरणे एकमेकांना कधीच भेटत नाहीत, कारण सारांशाची पद्धत प्रकरणांना एकामागोमाग एक उभे करते, समोरासमोर आणत नाही. पण गर अख्खा राहतो की फुटतो हे मोठ्या प्रमाणात सोलणीच्या आधीच ठरलेले असते. ड्रायरमध्ये गर कमी वाळला तर साल चिकटून राहते, ती सुरीने खरवडावी लागते आणि गर फुटतो. जास्त वाळला तर तो ठिसूळ होऊन हातात येतानाच दुभंगतो. ड्रायर किती तास चालवायचा हे बाई ठरवत नाही. हे दोन धागे एकत्र आणले की प्रबंधाचे योगदान एका परिच्छेदात लिहिता येते: ‘सोलणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीतील फरक आजवर त्यांच्या कौशल्याशी व अनुभवाशी जोडला जात होता. या अभ्यासातील वीसपैकी चौदा कारखान्यांत असे दिसले की, एकाच स्त्रीची मजुरी घाण्यागणिक बदलते आणि हा बदल वाळवणीच्या तासांशी जुळतो. म्हणजे वाळवणीत झालेल्या चुकीची भरपाई किलोवारी दरामुळे सोलणाऱ्या स्त्रीकडून वसूल होते.’ या परिच्छेदात आधी काय मानले जात होते ते आहे, आता काय दिसले ते आहे आणि कशाच्या आधारावर तेही आहे. कारखानदाराला तो आवडणार नाही, पण तो त्याला खोडायला बसू शकतो. खोडता येण्याजोगे काहीतरी म्हणणे, हे योगदानाचे पहिले लक्षण. ‘पहिले गृहीतक सिद्ध झाले’ हे वाक्य खोडायला कोणी बसत नाही, कारण त्यात म्हटलेले काहीच नाही.

इथे ‘शेवटच्या प्रकरणात नवे काही आणू नये’ हा आक्षेप येतो. त्याचे उत्तर सोपे आहे. नवा पुरावा आणू नये, हे बरोबर. नवे कोष्टक, नवी मुलाखत, नवा संदर्भ शेवटी घुसवणे हा दोषच आहे. पण आधी मांडलेल्या दोन पुराव्यांमधून निघणारा अर्थ शेवटी सांगायचा नाही, तर कुठे सांगायचा? चौथे प्रकरण लिहिताना पाचवे हाती नव्हते. या शिरस्त्याचा विपर्यास होऊन ‘नवा विचारही नको’ असे त्याचे रूप झाले आहे आणि त्यातून उजळणीला मान्यता मिळाली आहे. आत्मप्रौढीचा आक्षेप याहून कच्चा आहे. ‘हा या विषयावरील पहिलाच सखोल अभ्यास आहे’ ही आत्मप्रौढी, आणि गंमत म्हणजे ती आपल्या प्रस्तावनांतून बिनदिक्कत चालते. ‘वीसपैकी चौदा कारखान्यांत असे दिसले’ यात प्रौढी कुठे आहे? आणि उरलेल्या सहा कारखान्यांत तसे का दिसले नाही, हे पुढच्याच वाक्यात सांगणे हा तर विनयाचा खरा प्रकार.

गृहीतक सिद्ध झालेच पाहिजे या दडपणाबद्दल इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्यांच्या असमानतेवर प्रबंध केला. वंश आणि कवटीची ठेवण यांचा संबंध दिसावा, ही मार्गदर्शकाची अपेक्षा होती. मापे घेतल्यावर तो संबंध दिसला नाही आणि इरावतीबाईंनी तसे लिहिले. आज त्या प्रबंधाची आठवण निघते ती त्याच्या निष्कर्षासाठी. प्रकरणांचा गोषवारा करून थांबणाऱ्याला असा नकार लिहायची वेळच येत नाही, कारण गोषवाऱ्यात काय केले एवढेच येते. त्यातून काय निघाले नाही, याला जागाच नसते.

मर्यादांचा प्रश्न सर्वांत अवघड, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ‘मर्यादा लिहिणे म्हणजे परीक्षकाच्या हाती आयतीच काठी देणे’ असे सर्रास ऐकू येते. पण आज प्रबंधांत मर्यादा लिहिल्या जात नाहीत असे नाही. त्या पहिल्या प्रकरणात ‘व्याप्ती व मर्यादा’ या मथळ्याखाली असतात आणि अगदी निरुपद्रवी असतात. ‘सदर अभ्यास चंदगड तालुक्यापुरता मर्यादित आहे. वेळ व पैसा यांच्या मर्यादेमुळे एकशेसाठ स्त्रियांचीच निवड केली आहे.’ अभ्यास चंदगडपुरता आहे हे शीर्षकातच लिहिले आहे, ती मर्यादा नव्हे. वेळ आणि पैसा कोणाजवळच पुरेसा नसतो. खरी मर्यादा ती, जी एखाद्या ठरावीक निष्कर्षाला धक्का लावते, आणि ती लिहिताना धक्का कुठल्या बाजूने बसतो हेही सांगावे लागते. आपल्या कल्पित प्रबंधात अशा तीन मर्यादा आहेत. मुलाखती एप्रिल-मेमध्ये घेतल्या; तेव्हा नवी बी आलेली असते, कारखाने भरात असतात, हवा कोरडी असते. पावसाळ्यात चंदगडची दमट हवा शोषून गराची साल पुन्हा चिकटते, सोलणी मंदावते आणि फूट वाढते. म्हणजे मजुरीतील कपात या अभ्यासात प्रत्यक्षापेक्षा कमी दिसण्याचा संभव आहे. दुसरे, कारखाने निवडले ते नोंदणीकृत यादीतून. गर घरी नेऊन सोलणाऱ्या बायका त्यात आल्याच नाहीत आणि त्यांचा दर बहुधा आणखी कमी असेल. तिसरे, मुलाखती कारखान्यातच झाल्या, काही वेळा मालक समोर बसलेला असताना. तक्रारी कमी नोंदल्या गेल्या असणार. तिन्ही मर्यादा एकाच दिशेने ओढतात: परिस्थिती या प्रबंधात दिसते त्यापेक्षा वाईट असू शकते. हे लिहिल्याने प्रबंध दुबळा झाला की बळकट? परीक्षक मौखिक परीक्षेत ‘पावसाळ्याचे काय?’ असे विचारणारच आहे. उत्तर छापील पानावर असले तर तो चर्चा करतो; नसले तर उमेदवाराला हे सुचलेच नव्हते असे धरून चालतो. काठी त्याच्या हाती आधीपासूनच असते.

मर्यादेतून पुढचे काम कसे निघते, याचे एक जुने आणि आपल्याच मुलखातले उदाहरण आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची जमीन आणि मजुरी यांचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. गाव पुणे आणि खडकी छावणीच्या जवळ. तिथल्या कामधंद्याचा, बाजाराचा परिणाम गावावर होणारच. मग अशा गावावरून दख्खनच्या खेड्याबद्दल किती बोलायचे? त्या शंकेला उत्तर म्हणून शहरापासून लांबचे जातेगाव बुद्रुक निवडले गेले, आणि मान व ना. वि. कानिटकर यांचा दुसरा अभ्यास १९२१ साली निघाला. पहिल्या पुस्तकातली उणीव हीच दुसऱ्या पुस्तकाची निवड ठरली. याला म्हणतात भावी संशोधनाची दिशा.

याउलट आपल्याकडे ‘पुढील संशोधनासाठी विषय’ म्हणून काय येते? ‘आजरा तालुक्यातील काजू उद्योगातील स्त्रिया’, ‘सिंधुदुर्ग जिल्ह्यातील काजू उद्योगातील स्त्रिया’, ‘काजू उद्योगातील पुरुष कामगार’. तालुका बदला, लिंग बदला, नवा विषय तयार. अशा विषयसूचीला संशोधनाची दिशा म्हणता येत नाही, कारण आजऱ्यात जाऊन वेगळे काय कळेल हे तिच्यात नाही. ते सांगता आले तर आजरा जरूर घ्यावा: तिथे सोलणीला किलोऐवजी रोजाने मजुरी देणारे कारखाने असतील, तर वाळवणीच्या चुकीचा भार तिथे मालकावर पडतो का, हे तुलनेने कळेल. आपल्या प्रबंधात पुढचे काम असे लिहिता येईल: जुलै-ऑगस्टमध्ये त्याच कारखान्यांपैकी चार निवडावेत, प्रत्येक घाण्याचे वाळवणीचे तास, सोलणीनंतरचा अख्खा गर आणि पाकळीचे वजन, आणि त्या दिवशीची प्रत्येक स्त्रीची मजुरी, अशा तीनच नोंदी महिनाभर ठेवाव्यात. मुलाखतींपेक्षा वजनकाटा इथे जास्त बोलेल. एखाद्या एम. ए.च्या विद्यार्थिनीला लघुप्रबंधासाठी एवढे पुरेल, आणि निकाल उलटा लागला तर मूळ प्रबंधाचे म्हणणे पडेल. पुढचे काम असे लिहावे की ते आपल्यालाही खोटे पाडू शकेल. शिफारशी हा मात्र वेगळा प्रकार आहे. त्या शासनाला किंवा कारखानदाराला उद्देशून असतात, संशोधकाला नव्हे. दोन्हींची सरमिसळ झाली की अनुदानाची मागणी संशोधनाची दिशा म्हणून खपते. शिफारस करायचीच असेल तर ती योगदानातून निघालेली असावी: सोलणीचा दर ठरवताना घाण्याची वाळवणी हिशेबात धरावी. ही एक शिफारस बारा मोघम शिफारशींना भारी आहे.

मराठी विभागांतून एक आक्षेप येतो तो असा की, ही विज्ञानवाल्यांची चौकट आहे, साहित्याच्या आणि लोकसाहित्याच्या प्रबंधाला ती लावणे म्हणजे कवितेला फूटपट्टी लावणे. मथळे तसेच्या तसे लावावेत असा आग्रह नाही. पण चंदगड परिसरातल्या ओव्यांवर कोणी काम केले, तर ओव्या जात्यावर गायल्या गेल्या की संशोधकाने विनंती केली म्हणून ओसरीवर बसून सांगितल्या, याने ओवीची लांबी, क्रम आणि आशय बदलतो की नाही? जाती बहुतेक घरांतून गेली, तेव्हा संकलन दुसऱ्या प्रकारचे असणार. मग ‘ओवीतून स्त्रीच्या श्रमाची लय व्यक्त होते’ हा निष्कर्ष त्या संकलनावरून किती काढता येतो, हे शेवटी सांगायला नको? साहित्याच्या प्रबंधालाही म्हणणे असते, त्या म्हणण्याला पल्ला असतो आणि पल्ल्यापलीकडे जागा असते.

शेवटची भीती मात्र मला रास्त वाटते. उद्या विद्यापीठाने नमुना काढला की शेवटच्या प्रकरणात ‘योगदान’, ‘मर्यादा’, ‘भावी दिशा’ असे तीन मथळे हवेत, तर तीनही मथळ्यांखाली जुनाच मजकूर वाटून भरला जाईल. ‘योगदान’ खाली निष्कर्षांची यादी, ‘मर्यादा’ खाली वेळ आणि पैसा, ‘भावी दिशा’ खाली शेजारचा तालुका. याची लक्षणे ओळखायला फार कौशल्य लागत नाही. योगदानाच्या परिच्छेदात ‘आजवर’ काय मानले जात होते याचा उल्लेख नसेल, मर्यादेचे वाक्य कोणत्याच निष्कर्षाचे नाव घेत नसेल, पुढच्या कामात काय मोजायचे ते नसेल, तर मथळे बदलले आहेत, प्रकरण तेच आहे. म्हणून ही दुरुस्ती नियमाने होणार नाही; ती मार्गदर्शकाच्या टेबलावर, मसुद्याच्या वेळी व्हायला हवी. माझी मार्गदर्शकांना विनंती एवढीच आहे: विद्यार्थ्याने शेवटच्या प्रकरणाचा मसुदा आणला की त्यातली ‘या प्रकरणात’ अशी सगळी वाक्ये आधी खोडा, उरलेला मजकूर त्याला परत द्या आणि त्यावरून प्रकरण पुन्हा लिहायला सांगा. उरले काहीच नाही, तर प्रबंध सादर करण्याची तारीख पुढे ढकला.